प्रमाणपत्र मागणाऱ्या जागा किती?

शुल्क भरून मिळवायच्या प्रमाणपत्राचे मोल ठरवताना साधारणपणे दोनच गोष्टी पाहिल्या जातात: ते देणाऱ्या संस्थेचा लौकिक आणि ते घेतलेल्यांपैकी कोणाला नोकरी लागली याच्या ऐकीव कथा. तिसरी गोष्ट, म्हणजे प्रत्यक्ष निघालेल्या जागांपैकी किती जागा ते प्रमाणपत्र मागतात याची मोजणी, कष्टाची असल्यामुळे बहुधा टळते. आणि केली गेली तरी ती नेमकी कशाची करावी याविषयी मतभेद उरतातच. चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील मोहर्ली हे गाव या मतभेदाच्या परीक्षणाला विशेष सोयीचे आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे गर्दीचे प्रवेशद्वार येथे असल्याने गाइड, जिप्सीचालक, रिसॉर्टमधील कामगार अशी पर्यटनाची कामे गावातच मिळतात, तर दुसरीकडे वनरक्षक, तलाठी, लिपिक या सरकारी पदांचे आकर्षण विदर्भातल्या कोणत्याही गावाइतकेच येथेही आहे. साहजिकच एकाच घरात दोन प्रकारच्या प्रमाणपत्रांची चर्चा चालू असते. पुढील संवादातील दोन्ही पात्रे कल्पित आहेत: एक जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आणि दुसरे व्याघ्र प्रकल्पात बरीच वर्षे गाइड म्हणून काम करणारे गृहस्थ, ज्यांना गावात सगळे भाऊ म्हणतात. ज्या भरतींचा ते आधार घेतात त्या मात्र प्रत्यक्ष झालेल्या आहेत.

प्रश्न भाऊंच्या पुतणीचा होता. बारावीला भूगोल घेऊन ती पुढे कला शाखेची पदवीधर झाली होती आणि तिच्यापुढे तीन पर्याय मांडले गेले होते: संगणक साक्षरतेचे एमएस-सीआयटी, मराठी टंकलेखनाचे शासकीय प्रमाणपत्र आणि एका खासगी संस्थेचा निसर्ग-अभ्यासक, म्हणजे रिसॉर्टच्या भाषेत नॅचरलिस्ट, होण्याचा अभ्यासक्रम. पहिल्याला पाच हजार रुपयांच्या आसपास खर्च होता, दुसऱ्याला सहा महिन्यांचा वर्ग होता आणि तिसऱ्याचे शुल्क या दोहोंच्या कितीतरी पट होते.

भाऊंचे मत सरळ होते. "गुरुजी, एमएस-सीआयटी तर करूनच टाकावे. सगळ्या सरकारी नोकऱ्यांना लागते, वर्गाच्या फलकावरच लिहिले आहे."

"सगळ्या म्हणजे किती, हे त्या फलकावर लिहिले आहे काय, भाऊ?" असे विचारून गुरुजींनी सुचवले की 2023 या वर्षातल्या मोठ्या जाहिराती समोर ठेवाव्यात आणि प्रत्येकीच्या शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद शब्दशः वाचावा. अर्हता म्हणजे पदासाठी लागणारी किमान पात्रता. ती जाहिरातीत एका ठिकाणी लिहिलेली असते, पण तिच्या अटी, सवलती आणि मुदती पुष्कळदा पुढच्या पानांवर विखुरलेल्या असतात, त्यामुळे वर्तमानपत्रातल्या चौकटीवरून किंवा शिकवणीवर्गाच्या पत्रकावरून केलेली मोजणी हमखास फसते.

पहिली जाहिरात वनरक्षकाची होती. त्या वर्षी वनविभागाने 2138 वनरक्षक पदे जाहीर केली आणि त्यांसाठी विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी किमान एका विषयासह बारावी उत्तीर्ण असणे पुरेसे होते. अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावीही चालत होती. पुढे लेखी परीक्षा, शारीरिक मोजमाप, धावणे आणि लांब पल्ल्याची चाल. संगणकाचे कोणतेही प्रमाणपत्र या पात्रतेत नव्हते. पुतणीने बारावीला भूगोल घेतलेला असल्यामुळे ती आहे त्या कागदपत्रांवर अर्ज करू शकली असती, आणि एमएस-सीआयटीने तिच्या अर्जात तसूभर फरक पडला नसता.

दुसरी जाहिरात तलाठ्याची, म्हणजे आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्या पदाची होती. 2023 मध्ये राज्यभर 4644 पदे निघाली. येथे कोणत्याही शाखेची पदवी आवश्यक होती, शिवाय शासनाच्या 4 फेब्रुवारी 2013 च्या निर्णयाप्रमाणे संगणक अर्हताही होती. भाऊंनी येथे बोट ठेवले: "हे पाहा, मागितलेच आहे." गुरुजींनी त्याच परिच्छेदाचा उरलेला भाग वाचायला लावला. ही अर्हता नसलेल्या उमेदवाराने ती नियुक्तीच्या दिनांकापासून 2 वर्षांच्या आत मिळवावी, असे तेथे होते. याचा अर्थ अर्ज करण्यासाठी, परीक्षा देण्यासाठी, इतकेच काय निवड होण्यासाठीही ते प्रमाणपत्र हाती असण्याची गरज नव्हती. गरज होती ती नोकरी लागल्यानंतर.

"मग लागणारच ना कधीतरी," भाऊ म्हणाले. "आज घेतले काय नि उद्या घेतले काय, पाच हजार तेच."

गुरुजींचे उत्तर या संपूर्ण वादाचा कणा म्हणावे असे होते. पाच हजार तेच असले तरी ते कोण भरतो आणि केव्हा भरतो हे तेच राहत नाही. त्या तलाठी भरतीला दहा लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे दर जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार होते. आधी प्रमाणपत्र घेणाऱ्या दोनशे जणांपैकी एकाचेच या पदापुरते पैसे कामी येतात, उरलेल्यांनी ते या नोकरीसाठी भरले असतील तर वाया जातात. याउलट निवड झालेल्या उमेदवाराचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीप्रमाणे 25,500 रुपयांपासून सुरू होते, तेव्हा पहिल्याच पगाराच्या पाचव्या हिश्शात तो ही अट पूर्ण करू शकतो आणि त्यासाठी त्याला दोन वर्षे मिळतात. अट पुढे ढकलता येत असेल तर खर्चही पुढे ढकलावा, आणि मोजणीच्या वहीत अशा जागा 'आवश्यक' या रकान्यात न धरता 'नंतर आवश्यक' या वेगळ्या रकान्यात धराव्यात, असा त्यांचा आग्रह होता. मुदत चुकली तर नोकरी धोक्यात येते हे त्यांनी नाकारले नाही. पण दोन वर्षांत एक प्राथमिक संगणक परीक्षा देणे पदवीधराला अशक्य नाही.

याच ठिकाणी त्यांनी आणखी एक बाब नोंदवली, जी शुल्क भरण्याआधी क्वचितच कोणी तपासते. 2013 च्या त्या शासन निर्णयात एमएस-सीआयटी हा एकमेव पर्याय नाही. केंद्र सरकारच्या डोएक संस्थेची, जिचे नाव आता नायलिट आहे, सीसीसी परीक्षाही त्यात ग्राह्य धरली आहे, आणि वर्ग न लावता थेट बसणाऱ्या उमेदवाराला तिचे परीक्षाशुल्क करासह सहाशे रुपयांच्या आत पडते. परीक्षाकेंद्र कोठे मिळते आणि तेथे जाण्यायेण्याला काय लागते हे पाहावे लागेल, तरीही एकच अट पूर्ण करणाऱ्या दोन कागदांमध्ये आठ पटींचा फरक असेल, तर प्रमाणपत्राचे मोल ठरवताना किंमत महागड्याची धरणे चुकीचे ठरते. जाहिरातीत 'किंवा' हा शब्द शोधणे हे म्हणूनच मोजणीतील महत्त्वाचे काम आहे.

तिसरी जाहिरात महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेची होती, जिच्यात लिपिक-टंकलेखकाची सात हजारांहून अधिक पदे होती. पदवीबरोबर मराठी टंकलेखनाचे दर मिनिटाला 30 शब्दांचे किंवा इंग्रजीचे 40 शब्दांचे शासकीय प्रमाणपत्र ही येथे खरी अट होती. नियुक्तीनंतर दोन वर्षांची सवड तिला नव्हती. पुतणीजवळ पदवी होती, वय होते, मराठीचे ज्ञान होते. नव्हते ते एवढेच. म्हणजे सगळ्या बाजूंनी पात्र असलेल्या उमेदवाराला अर्जाच्या वाटेवर थांबवणारा हा एकच कागद होता, आणि गुरुजींच्या मते मोजायच्या त्या अशाच जागा. एखादे प्रमाणपत्र शंभर जागा मागत असतील, पण त्यांपैकी नव्वद जागांना उमेदवाराकडे नसलेली परिचर्येची पदविका किंवा अभियांत्रिकीची पदवीही लागत असेल, तर त्या नव्वद जागा या प्रमाणपत्राच्या खात्यावर जमा करता येत नाहीत.

हे सांगताना त्यांनी जिल्हा परिषदांच्या त्याच वर्षीच्या भरतीचे उदाहरण दिले. 19,460 पदे, असा आकडा त्या वेळी सर्वत्र फिरत होता आणि शिकवणीवर्गांनी तो आपापल्या अभ्यासक्रमाच्या जाहिरातीवर छापला होता. त्या आकड्यात आरोग्य सेवक आणि परिचारिकांपासून अभियंत्यांपर्यंत अनेक संवर्ग होते. संवर्ग म्हणजे समान अर्हता आणि समान वेतन असलेल्या पदांचा गट. आकडा संवर्गांत फोडल्यावर कला शाखेच्या पदवीधराच्या वाट्याला त्याचा अल्पसा भागच उरतो. त्यामुळे एकूण पदसंख्येची बेरीज करण्यात अर्थ नाही. जाहिरात क्रमांकाखाली संवर्ग, संवर्गाखाली जिल्हा, आणि जिल्ह्याखाली उमेदवाराच्या प्रवर्गाच्या जागा अशी उतरती मोजणी करावी लागते. ती करताना शुद्धिपत्रकाने बदललेली संख्या पुन्हा नव्याने धरली जाऊ नये म्हणून नोंद जाहिरात क्रमांकानेच ठेवावी.

येथवर भाऊ ऐकून घेत होते. त्यांचा आक्षेप आता सुरू झाला, आणि तो वरवरचा नव्हता.

"गुरुजी, 2023 हे वर्ष तुम्ही धरले, पण ते वर्ष खरे आहे काय? सरकारने अमृतमहोत्सवानिमित्त 75 हजार पदे भरायचे ठरवले होते, म्हणून एकदम जाहिराती आल्या. त्याआधीची वर्षे आठवा."

आक्षेप योग्य होता. तलाठ्याची त्याआधीची मोठी भरती 2019 ची, 1809 पदांची. वनरक्षकांचीही 2019 ची, 900 पदांची. मधली चार वर्षे या गावातल्या मुलामुलींनी केवळ वाट पाहण्यात घालवली. एका तेजीच्या वर्षाची मोजणी करून दरवर्षी तेवढ्या जागा निघतील असे मानणे म्हणजे हस्त नक्षत्राच्या पावसावरून वर्षाची विहीर भरल्याचा हिशेब करणे. गुरुजींनी हे मान्य केले आणि मोजणीचा कालखंड एक वर्षाचा न ठेवता एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंतचा असावा असे ठरले. तसे केल्यावर 2019 नंतर 2023 अखेरपर्यंतच्या चार वर्षांत तलाठ्याच्या वाट्याला सरासरीने वर्षाला साडेअकराशेच्या आसपास पदे येतात, तीही संपूर्ण राज्यात. शिवाय प्रमाणपत्र आज घेतले तरी ते वापरण्याची संधी कदाचित तीन-चार वर्षांनी येणार, हेही या सरासरीतून दिसते.

भाऊंनी दुसरी बाब जोडली. "आणि जागा निघाली म्हणजे नेमणूक झाली असे थोडेच आहे? पेसाचे काय झाले ते पाहिलेच आपण." पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसंबंधीचा 1996 चा केंद्रीय कायदा, त्याखालील गावांत काही संवर्गांची पदे स्थानिक अनुसूचित जमातींच्या उमेदवारांसाठी राखीव ठेवण्याचा प्रश्न न्यायालयात गेल्याने राज्यातील 13 जिल्ह्यांतील तलाठी भरतीचा निकाल इतर जिल्ह्यांबरोबर लागला नाही, आणि चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्या तेरांमध्ये होते. अशा विलंबाचा प्रमाणपत्राच्या मोलाशी थेट संबंध नसला तरी परिणाम होतो, कारण ज्या उत्पन्नातून खर्च भरून निघायचा ते उत्पन्नच अनिश्चित काळ लांबते. मोजणीत निघालेल्या जागा आणि भरल्या गेलेल्या जागा असे दोन आकडे ठेवावेत, ही भाऊंची सूचना गुरुजींच्या मूळ पद्धतीपेक्षा काटेकोर ठरली.

तिसऱ्या पर्यायावर, म्हणजे नॅचरलिस्टच्या खासगी अभ्यासक्रमावर, दोघांचा सूर सर्वांत वेगळा होता, आणि येथे बाजू उलटल्या. गुरुजींनी जाहिराती शोधल्या तर या पदासाठी मोहर्ली परिसरातून वर्तमानपत्रात काहीच येत नाही, म्हणून मोजणीचे उत्तर शून्य, आणि शून्य जागांसाठी मोठे शुल्क भरणे अविचाराचे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. भाऊंना तो पटला नाही, आणि पटू नये हेच बरोबर होते. रिसॉर्टला माणूस हवा असतो तेव्हा व्यवस्थापक जाहिरात देत नाही. तो गेटवर, टपरीवर, आधीच्या कामगारांजवळ विचारतो. "आमच्याकडच्या नोकऱ्या छापून येत नाहीत, गुरुजी. कागदावर शोधल्या तर सापडणारच नाहीत. पण माणसे तर लागतात दर मोसमाला."

जाहिराती नसलेल्या बाजारात मग मोजायचे काय, या प्रश्नावर त्यांनी काढलेला तोडगा उल्लेखनीय आहे. तेथे जागांऐवजी नेमणुका मोजाव्यात. परिसरातील जितक्या रिसॉर्टना विचारता येईल तितक्यांना एकच प्रश्न विचारावा: मागच्या दोन मोसमांत जे नॅचरलिस्ट घेतले, ते घेताना कोणाचे कोणते प्रमाणपत्र पाहिले? "प्रमाणपत्र असलेले बरे असते का?" असा प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तर कोणीही हो असेच देतो, झालेल्या नेमणुकीबद्दल विचारले तरच अट आणि सदिच्छा यांतला फरक कळतो. शिवाय नेमलेल्या माणसाला पक्ष्यांची ओळख, इंग्रजी संभाषण, वाहन चालवण्याचा परवाना यांपैकी नेमके कशामुळे घेतले हेही त्याच ओघात समजते, आणि कधीकधी असे दिसते की खर्च करायचाच असेल तर तो प्रमाणपत्रावर न करता भलत्याच गोष्टीवर करायला हवा.

व्याघ्र प्रकल्पातील गाइडच्या कामाबाबत मात्र भाऊंनी स्वतःच शंका मिटवली. गाभा क्षेत्राच्या गेटवरून सफारीबरोबर जाणारा गाइड वनविभाग नोंदवतो, त्याचे प्रशिक्षण वनविभाग देतो आणि या कामात भोवतालच्या गावांतील स्थानिकांना स्थान असते. बाहेरच्या संस्थेचे कितीही सुबक प्रमाणपत्र भिंतीवर टांगले तरी गाइडांच्या पाळीत त्यामुळे नाव येत नाही. तेव्हा खासगी अभ्यासक्रमाच्या पत्रकात 'ताडोबात गाइड होण्याची संधी' असे काही लिहिलेले असेल, तर त्या वाक्यापाशीच सावध व्हावे.

खर्चाची बाजूही त्यांनी केवळ शुल्कापुरती ठेवली नाही. टंकलेखनाचा मान्यताप्राप्त वर्ग गावात नसल्याने तो भद्रावती किंवा चंद्रपूरला जाऊन करावा लागणार, त्यासाठी रोजचे एसटीचे भाडे आणि दिवसाचे काही तास जाणार. पावसाळ्यात, 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात, गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते आणि त्या तीन महिन्यांत बुडणारी मजुरी कमी असते. पण वर्ग सहा महिन्यांचा असल्यामुळे त्याचा निम्मा भाग ऑक्टोबरनंतरच्या मोसमात येणारच. रिसॉर्टमध्ये हंगामी काम करणाऱ्या मुलीसाठी ही बुडणारी मजुरी कदाचित शुल्काहून मोठी ठरते. त्यातही परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ठरावीक काळाने घेते, निकाल आणि प्रमाणपत्र त्यानंतर येते, आणि अर्ज करताना जाहिरातीने ठरवलेल्या दिनांकाला ते हाती असावे लागते. म्हणून जाहिरात आल्यावर वर्ग लावणाऱ्याचा त्या भरतीपुरता तरी उपयोग शून्य होतो. 'नंतर आवश्यक' असलेले एमएस-सीआयटी थांबवता येते, पण टंकलेखन थांबवता येत नाही, हा दोहोंतील भेद कालमानातून असा पुन्हा समोर येतो.

भाऊंचा शेवटचा मुद्दा गुरुजींना पूर्णपणे खोडता आला नाही. सात हजार लिपिक-टंकलेखक पदे ही राज्यभरची होती आणि त्यांतील पुष्कळ मुंबईतील कार्यालयांची. "मुलगी तिकडे जायला तयार असेल तर सात हजार. नसेल तर किती, ते तिलाच विचारावे लागेल." गुरुजींनी त्यावर विभागनिहाय पदे पाहून नागपूर विभागापुरती मोजणी पुन्हा करण्याचे मान्य केले, मात्र त्याचबरोबर असेही सुचवले की जाण्याची तयारी ही कायमची ठरलेली नसते, आणि या पदांसाठी राज्य शासनाची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षे असल्याने तिच्यापुढे एकच भरती नसून तीन-चार भरतींचा काळ आहे. वनरक्षकाची वयोमर्यादा याहून बरीच कमी असल्याने तेथे हा हिशेब वेगळा होतो, आणि त्या पदाला प्रमाणपत्र लागत नसल्याने तेथे खर्चाचा प्रश्नही येत नाही. लागते ती धावण्याची तयारी, जी जंगलाकाठच्या गावात विनामूल्य होते.

तेव्हा पुतणीने टंकलेखनाच्या वर्गाची चौकशी करावी, एमएस-सीआयटी किंवा सीसीसी यांपैकी काहीही आत्ता घेऊ नये, आणि नॅचरलिस्टच्या अभ्यासक्रमाचा निर्णय रिसॉर्टच्या व्यवस्थापकांना विचारून झाल्यावरच घ्यावा, इतके दोघांनी मान्य केले. अभ्यासक्रमाबद्दल त्यांचे मत तरीही जुळले नाही: किती नेमणुकांनी प्रमाणपत्र पाहिले तर शुल्क भरावे या प्रश्नावर गुरुजी निम्म्याहून अधिक असे म्हणाले, आणि भाऊ म्हणाले की पुतणी ज्या दोन-तीन रिसॉर्टमध्ये खरोखर जाऊ इच्छिते, तेवढ्यांनीच काय केले ते पाहावे, बाकीचे कितीही असोत.